ओमेगा कोणता?

दुसऱ्या वर्षाच्या नेटवर्क्सच्या चाचणीत मी लिहिलेलं एक उत्तर मला अजून आकड्यांसकट आठवतं: `5∠−53.1°` व्होल्ट. पेपर परत मिळाला तेव्हा सरांनी त्यावर बरोबरची खूणही केली नव्हती आणि फुलीही मारली नव्हती. शेजारी लाल शाईने फक्त एक प्रश्न लिहिला होता: "ω कोणता?" आणि गुणांच्या जागी शून्य.

मला त्या शून्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. मधली प्रत्येक पायरी मी दोनदा तपासली होती. आणि उत्तर किती देखणं आलं होतं! तीन, चार, पाचचा काटकोन त्रिकोण. परीक्षेत असा त्रिकोण निघाला की विद्यार्थ्याला हायसं वाटतं, कारण गणित रचणाऱ्यानेच तो लपवून ठेवलेला असतो अशी आपली समजूत असते. आज मी स्वतः हाच विषय शिकवते आणि तेच गणित दरवर्षी वर्गात देते. अजूनही दर वर्षी निम्म्याहून जास्त वह्यांत तोच त्रिकोण निघतो.

गणित असं होतं. दोन व्होल्टेज सोर्स, दोघांचं एकेक टोक ग्राउंडला. प्रत्येकाच्या दुसऱ्या टोकापासून २ किलोओहमचा एक रेझिस्टर निघतो आणि ते दोन्ही रेझिस्टर एकाच नोडला येऊन मिळतात. त्या नोडपासून ग्राउंडपर्यंत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पहिला सोर्स `10 cos(1000t)`, दुसरा `10 cos(3000t)`. कपॅसिटरवरचं व्होल्टेज काढा.

सुपरपोझिशन, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीत अध्यारोपण, इथे सरळ लागतं. एका वेळी एकच सोर्स चालू ठेवायचा, दुसऱ्याला मारायचं. व्होल्टेज सोर्स मारायचा म्हणजे त्याच्या जागी शॉर्ट ठेवायचा. दुसरा सोर्स शॉर्ट केला की त्याचा २ किलोओहम कपॅसिटरच्या समांतर येतो. मग कपॅसिटरच्या बाजूने मागे पाहिलं तर पहिल्या सोर्सचं रूप सोपं होतं: १० चे अर्धे ५ व्होल्ट, आणि त्याच्या मागे १ किलोओहम. दुसऱ्या सोर्सचंही अगदी तसंच, कारण रेझिस्टर सारखेच आहेत.

आता कपॅसिटरकडे बघायचं. १००० रेडियन प्रति सेकंदाला त्याचा इम्पीडन्स `−j1000` ओहम, म्हणून पहिल्या सोर्सचा वाटा:

`V1 = 5 / (1 + j1) = 2.5 − j2.5 = 3.54∠−45°`

३००० ला त्याच कपॅसिटरचा इम्पीडन्स एक तृतीयांश, `−j333` ओहम. म्हणून दुसऱ्याचा वाटा:

`V2 = 5 / (1 + j3) = 0.5 − j1.5 = 1.58∠−71.6°`

इथपर्यंत सगळं बरोबर. यानंतर मी केलं ते असं: २.५ आणि ०.५ मिळून ३, अडीच आणि दीड मिळून ४. `3 − j4`. म्हणजे `5∠−53.1°`. पेन खाली.

सरांचा प्रश्न मला दोन दिवस कळला नाही. तिसऱ्या दिवशी मी उत्तर काळाच्या भाषेत परत लिहायला बसले. फेझरवरून काळात यायचं म्हणजे मागे `cos(ωt + कोन)` जोडायचं. मी लिहिलं `5 cos(` आणि हात थांबला. आत काय लिहू? `1000t` की `3000t`? १००० लिहिलं तर दुसरा सोर्स कुठे गेला? ३००० लिहिलं तर पहिला कुठे गेला? दोघांची सरासरी २००० घ्यावी तर त्या वारंवारतेचं सर्किटमध्ये काहीच नाही. उत्तराला वारंवारताच नव्हती. कंसात लिहायला अक्षरही नसलेल्या व्होल्टेजसाठी मी पाच व्होल्ट आणि त्रेपन्न अंश मोजून ठेवले होते.

शिकवायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की ही चूक आळसातून होत नाही, सवयीतून होते. चार्ल्स स्टाइनमेट्झने १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत अभियंत्यांपुढे एसी सर्किटसाठी संमिश्र संख्यांची पद्धत मांडली, आणि तेव्हापासून आपण सगळे एक गोष्ट न बोलता गाळतो: `e^(jωt)`. सर्किटमधल्या प्रत्येक व्होल्टेजमागे आणि करंटमागे तो घटक असतो, आणि सगळ्यांमागे तोच असतो, म्हणून तो प्रत्येक ओळीत लिहायची गरज उरत नाही. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा सामाईक घटक काढून टाकावा तसा आपण तो काढतो आणि शेवटी परत लावतो. वर्षभर एकाच फ्रिक्वेन्सीची गणितं केली की हा सामाईक घटक मुळात होता हेही विसरायला होतं. दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी आल्या की तो सामाईक राहत नाही. `V1` मागे `e^(j1000t)` आहे आणि `V2` मागे `e^(j3000t)`. ते न लिहिल्यामुळे दोन्ही नुसत्या संमिश्र संख्या दिसतात, आणि दोन संख्या शेजारी दिसल्या की बेरीज करायचा मोह होतो.

वर्गात मी हे घड्याळाच्या काट्यांवरून सांगते. तासकाटा आणि मिनिटकाटा यांच्यात किती अंशांचा कोन असतो, असं कोणी विचारलं तर आपण आधी विचारतो, किती वाजता? मिनिटकाटा आणि दुसऱ्या एका घड्याळाचा मिनिटकाटा यांच्यात मात्र कोन कायम असतो. एक घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर दिवसभर तीसच अंश. फेझरांची बेरीज म्हणजे दोन काट्यांची टोकाला टोक लावून केलेली बेरीज. दोन्ही सारख्या वेगाने फिरत असतील तर बेरजेचा काटाही त्याच वेगाने, तीच लांबी ठेवून फिरतो. वेग वेगळे असतील तर बेरजेचा काटा लांबतो, आखडतो, कधी जोरात तर कधी हळू फिरतो. त्याला एक लांबी आणि एक कोन देताच येत नाही. मी पेपरात दिलेलं उत्तर म्हणजे बारा वाजता घेतलेला फोटो होता.

आणि हा फोटो खोटा नव्हता, म्हणून तर घोटाळा टिकून राहतो. खरं उत्तर असं आहे:

`v(t) = 3.54 cos(1000t − 45°) + 1.58 cos(3000t − 71.6°)`

`t = 0` ठेवून बघा. पहिलं पद २.५ व्होल्ट, दुसरं ०.५, एकूण ३. आता माझ्या चुकीच्या उत्तरात `t = 0` ठेवा, कंसात १००० असो की ३०००: `5 cos(−53.1°)`, म्हणजे ३ व्होल्टच. सुरुवातीच्या क्षणी दोन्ही तंतोतंत जुळतात. जुळणारच, कारण त्या क्षणी दोन्ही `e^(jωt)` एकच असतात. त्यामुळे जी मुलं ताळा घेतात आणि ताळ्यासाठी सर्वात सोपा क्षण निवडतात, त्यांना चूक सापडत नाही. ताळा घ्यायचा तर शून्य सोडून घ्यावा. पहिल्या सोर्सचं पाव चक्र झाल्यावर, म्हणजे १.५७ मिलिसेकंदांनी बघू. `1000t` नव्वद अंश झाला, `3000t` दोनशे सत्तर. पहिलं पद `3.54 cos 45°`, म्हणजे २.५. दुसरं `1.58 cos 198.4°`, म्हणजे उणे १.५. बेरीज १ व्होल्ट. माझं उत्तर त्याच क्षणी १००० धरलं तर ४ व्होल्ट सांगतं, ३००० धरलं तर उणे ४.

म्हणून दोन फ्रिक्वेन्सींचं गणित दोन वेगळ्या कागदांवर करावं, हा माझा आग्रह. एका कागदावर कपॅसिटर `−j1000`, दुसऱ्यावर `−j333`. एकाच सर्किटची दोन चित्रं म्हणण्यापेक्षा ती दोन सर्किटंच समजावीत, कारण प्रत्येक फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर वेगळा भाग असल्यासारखा वागतो. एकाच चित्रावर दोन्ही सोर्स ठेवून नोडचं एक समीकरण मांडायला गेलं की कपॅसिटरवर काय लिहायचं हाच प्रश्न पडतो, आणि खरं तर तोच धोक्याचा पहिला इशारा असतो. प्रत्येक कागदावर उत्तर फेझरमध्ये काढायचं, त्याच कागदावर ते काळात आणायचं आणि मगच दोन्ही कागद एकत्र करायचे. फेझरचं राज्य त्या त्या कागदापुरतं.

अध्यारोपणाचं तत्त्व विजेच्या सर्किटसाठी हेल्महोल्ट्झने १८५३ मध्ये मांडलं, तेव्हा तो प्राण्यांच्या शरीरातल्या विजेच्या प्रयोगांचा विचार करत होता. त्या मांडणीत फेझर नाहीत. करंट आणि व्होल्टेज यांचीच बेरीज आहे, आणि ती बेरीज कुठल्याही क्षणी खरी असते. मला हे मुलांना सांगायला आवडतं, कारण अध्यारोपण मुळात काळातलंच आहे. फेझर नंतर आले, आणि जिथे सगळ्यांची फ्रिक्वेन्सी एक असते तिथे त्यांनी काळाला बाजूला बसवण्याची सोय करून दिली.

गेल्या वर्षी हेच गणित मी प्रॅक्टिकलला ठेवलं. ब्रेडबोर्डवर दोन रेझिस्टर आणि एक फिल्म कपॅसिटर. इलेक्ट्रोलायटिक इथे चालत नाही, व्होल्टेज दोन्ही दिशांना जातं. एलसीआर मीटरवर कपॅसिटर मोजून बरोबर १.०० मायक्रोफॅरडचा निवडून घेतला होता. दोन डिजिटल फंक्शन जनरेटर, एक १५९.२ हर्ट्झला, दुसरा ४७७.५ ला, कारण जनरेटर रेडियन ओळखत नाही. ट्रू आरएमएस मल्टिमीटर कपॅसिटरवर. काम सोपं: एकेका सोर्सचा वाटा मोजा, मग दोन्ही चालू करून एकत्र मोजा, आणि हिशेब जुळवा.

हिशेब कसा जुळवायचा, हे आधी सांगायला हवं. मीटर क्षणाचं व्होल्टेज दाखवत नाही, तो वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ दाखवतो. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग केला की दोन वर्ग आणि एक दुप्पट गुणाकार मिळतो. `cos(1000t)` आणि `cos(3000t)` यांचा गुणाकार उलगडला तर २००० ची आणि ४००० ची अशा दोन लाटा निघतात, आणि दोघींची सरासरी शून्य. गुणाकार गळून जातो, उरतात फक्त वर्ग. म्हणून आरएमएस किमतींचे वर्ग बेरजेत घ्यायचे: २.५ चा वर्ग ६.२५, १.१२ चा वर्ग १.२५, बेरीज ७.५, वर्गमूळ २.७४ व्होल्ट. माझं जुनं `5∠−53.1°` खरं असतं तर मीटरने ३.५४ दाखवलं असतं.

एका मुलीने वही आणली आणि चेहरा उतरवून म्हणाली, "मॅडम, जुळत नाहीये. एकेकटे मोजले तर ३.१० आणि १.१३ येतात. वर्गांची बेरीज करून ३.३० यायला हवेत. पण एकत्र २.७० च दाखवतंय."

मी विचारलं, "दुसरा जनरेटर कसा बंद केलास?"

"आउटपुटचं बटण दाबून."

तिथेच सगळं होतं. बऱ्याच जनरेटरांत आउटपुटचं बटण बंद केलं की आत रिले उघडतो आणि टोकं मोकळी पडतात. यंत्राच्या भाषेत ते बंद झालं, पण सर्किटच्या भाषेत तो सोर्स मारला गेला नाही, तर उपटून काढला गेला. त्याचा २ किलोओहमचा रेझिस्टर आता कशालाच जोडलेला नाही. मग पहिल्या सोर्सला अर्ध्या भागाचा विभाजक भेटतच नाही. पूर्ण १० व्होल्ट, २ किलोओहम आणि कपॅसिटर, एवढंच सर्किट उरतं. तिने मोजलेले ३.१० व्होल्ट त्या सर्किटसाठी अगदी बरोबर होते. फक्त ते सर्किट आपलं नव्हतं.

"अगं, सोर्स शून्य व्होल्टचा करायचा, वाट बंद नाही करायची," मी म्हटलं. तिने आउटपुट चालू ठेवून अँप्लिट्यूड खाली आणायचा प्रयत्न केला, पण ते यंत्र अगदी शून्यापर्यंत जाईना. मग केबल काढून तिच्या जागी ५० ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावला, कारण जनरेटरच्या पोटात तेवढाच असतो. पुन्हा मोजलं. २.४७ आणि १.०९. वर्गांची बेरीज ७.२९, वर्गमूळ २.७०. एकत्र वाचनही २.७०.

तिने लगेच विचारलं, "पण कागदावर २.७४ होतं ना?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण पुष्कळ मुलं एवढ्या फरकावर "एक्सपेरिमेंटल एरर" लिहून मोकळी होतात. इथे तो एरर नव्हता. कागदावर आपण आदर्श सोर्स धरले होते. टेबलावर प्रत्येकाच्या मागे ५० ओहम होते. २००० च्या जागी २०५० ठेवून तिने दोन्ही कागद पुन्हा केले आणि २.४७, १.०९, २.७० हेच आकडे आले. त्या दिवशी तिच्या वहीत मी बरोबरची खूण जरा मोठीच केली.

मग ऑसिलोस्कोप लावला. ट्रिगर पहिल्या जनरेटरवरून घेतला, आणि दुसऱ्या चॅनलवर कपॅसिटरचं व्होल्टेज. पडद्यावर लाट स्थिर उभी राहील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ती राहिली नाही. मोठी लाट जागेवर होती, पण तिच्या अंगावरची बारीक लाट सावकाश सरकत होती. लाटेचा आकार बदलत राहिला: आता माथे टोकदार, थोड्या वेळाने सपाट आणि मधे खळगा पडलेले, मग पुन्हा टोकदार. शिखर कधी ५ व्होल्टच्या आसपास, कधी ३.६ पर्यंत उतरलेलं.

कारण साधं आहे. १५९.२ ची तिप्पट ४७७.६ होते, आणि दुसरा जनरेटर ४७७.५ वर होता. एक दशांश हर्ट्झचा फरक, म्हणून दर दहा सेकंदांनी बारीक लाट मोठीच्या मानाने एक पूर्ण चक्र मागे पडते. कागदावर दोन्ही सोर्सचा फेज शून्य होता. टेबलावर दोन स्वतंत्र जनरेटरांना एकमेकांचा पत्ताच नसतो. त्यामुळे `v(t)` च्या सूत्रात दुसऱ्या पदाचा कोन खऱ्या अर्थाने ठरलेला नसतो, तो हळूहळू फिरत राहतो.

पण मीटर? तो २.७० वर खिळून होता. पडद्यावर शिखर दीड व्होल्टभर वरखाली होतंय आणि मीटरचा शेवटचा आकडाही हलत नाही, हे पोरं कितीतरी वेळ बघत राहिली. मीही. आपण वर गुणाकाराची सरासरी शून्य म्हटलं, तेव्हा कोनाचा उल्लेखही केला नव्हता. कोन काहीही असो, २००० ची लाट आणि ४००० ची लाट, दोघींची सरासरी शून्यच. कपॅसिटरच्या समांतर एखादा मोठा रेझिस्टर लावला असता तर तो किती तापेल हे दोन सोर्सच्या फेजवर अवलंबून राहिलं नसतं. दोघांनी स्वतंत्रपणे दिलेली सरासरी पॉवर नुसती बेरीज झाली असती. "सुपरपोझिशन पॉवरला लागू पडत नाही" हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, आणि एकाच फ्रिक्वेन्सीच्या सोर्सांसाठी, तसंच कुठल्याही एका क्षणाच्या पॉवरसाठी, ते खरंच आहे. वेगळ्या फ्रिक्वेन्सींच्या सरासरी पॉवरला मात्र ते लावता येत नाही. तिथे बेरीज चालते.

(शेजारच्या टेबलावर जुना, साधा मल्टिमीटर होता. त्याचा आकडा लाटेबरोबर सरकत होता. तो मीटर आरएमएस मोजतच नाही. लाट सरळ करून सरासरी काढतो आणि साइन असेल असं गृहीत धरून १.११ ने गुणतो. आकार बदलला की त्याचं गृहीतक मोडतं. दोन फ्रिक्वेन्सींच्या लाटेवर त्याचं वाचन कामाचं नाही.)

एका मुलाने कपॅसिटरच्या जागी डायोड लावून बघू का असं विचारलं. बघायला हरकत नव्हती, पण तिथे हा सगळा हिशेब संपतो. डायोडमधला करंट व्होल्टेजच्या प्रमाणात नसतो, त्यामुळे एकेक सोर्सचा वाटा असं काही वेगळं काढताच येत नाही. आत १००० आणि ३००० घातले तर बाहेर २०००, ४००० असल्या सोर्समध्ये नसलेल्या फ्रिक्वेन्सीही येतात. रेडिओच्या मिक्सरमध्ये आपण हेच मुद्दाम घडवतो. आपल्या सर्किटमध्ये नवीन फ्रिक्वेन्सी कधीच जन्माला येत नाही, आणि तीच त्याची ओळख आहे. स्पेक्ट्रममध्ये दोनच रेघा दिसायला हव्यात, तिसरी दिसली तर काहीतरी वाकलंय.

प्रॅक्टिकल संपायला वीस मिनिटं होती. वही घेऊन आलेली ती मुलगी जनरेटरजवळच उभी होती. तिने विचारलं, "मॅडम, दोघं एकाच फ्रिक्वेन्सीला ठेवले तर फेझर बेरीज करायची, आणि वेगळे असले तर वर्गांची. मग जवळजवळ सारखे असले तर?"

मी म्हटलं, "ठेव की. पहिला १५९.२ ला आहे, दुसरा १५९.३ ला कर."

दुसऱ्या जनरेटरच्या पडद्यावर तिने आकडे बदलले. मीटरचा २.७० मोडला. आकडा चढायला लागला. ३.१, ३.८, ४.५, जवळजवळ ५ पर्यंत गेला, थबकला, आणि मग उतरू लागला. ४, ३, २, १, शून्याच्या अगदी जवळ. तिथून पुन्हा वर. ऑसिलोस्कोपवर अख्खी लाट मोठी होत होती, मावळत होती.

आता गुणाकाराची लाट एक दशांश हर्ट्झची झाली होती. दीर्घ सरासरीत तीही शून्यच, आणि कोणी दोन मिनिटं वर्गांची सरासरी काढली असती तर वर्गांच्या बेरजेचा नियम तंतोतंत खरा ठरला असता. पण मीटर इतका वेळ थांबत नाही. तो सेकंदाच्या छोट्याशा भागाची सरासरी घेतो, आणि तेवढ्या वेळात या दोन लाटा त्याला एकाच फ्रिक्वेन्सीच्या वाटतात, हळूहळू कोन बदलणाऱ्या. म्हणून तो प्रत्येक क्षणी फेझरची बेरीज दाखवत होता: दोन काटे एका दिशेला असले की ५, समोरासमोर आले की शून्य.

मी हे फळ्यावर लिहायला वळणार होते, पण ती मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मीटरकडे बघत होती. आकडा शून्याजवळ आला की बटण, पुन्हा शून्याजवळ आला की बटण.

"दहा," ती म्हणाली. मग पुढच्या वेळी, "दहा." मग दुसरा जनरेटर १५९.४ ला करून तिने पुन्हा मोजायला घेतलं.